४३ इंची टीव्ही, ३ फूट ४ इंचाचा खाना आणि खोक्यावरचे १०८ सेंमी

प्रश्न: "आमच्या हॉलमधल्या टीव्ही युनिटमध्ये मिस्तरीने टीव्हीसाठी ३ फूट ४ इंच रुंद आणि २ फूट उंच खाना ठेवलाय. आखाजीला ४३ इंची टीव्ही घ्यायचा विचार आहे. खोक्यावर १०८ सेंमी लिहिलेलं पाहिलं. आमचा खाना मोजला तर १०१-१०२ सेंमी भरतो. म्हणजे बसणार नाही ना? दुकानदार म्हणतो आरामात बसेल. कोणाचं खरं? – अमळनेर"

भाऊ, रुंदीपुरतं दुकानदाराचं खरं आहे. फक्त त्यातला 'आरामात' हा शब्द मला मान्य नाही. १०८ सेंमी ही टीव्हीची रुंदी नाही. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं धरलेलं ते माप आहे. ४३ इंची टीव्हीची बाहेरून बाहेरून रुंदी ९६ ते ९७ सेंमी असते, त्यामुळे १०१.६ सेंमीच्या खान्यात तो जातो. पण पायांवर उभा केला तर उंचीत अडकेल, आणि भिंतीला लावला तरी चारही बाजूंनी हवा जेमतेम राहील. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त नडते. मी जळगावात फर्निचरचं काम करतो. टीव्हीचा खाना हा आमच्या धंद्यातला नेहमीचा भांडणाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो १०८ चा आकडा मोकळा करू. एक इंच म्हणजे २.५४ सेंमी, बरोबर तेवढेच, कमी नाही की जास्त नाही. १९५९ साली इंच-फूट वापरणाऱ्या देशांनी आपसात ठरवून हा आकडा पक्का केला. आता ४३ ला २.५४ ने गुणा, १०९.२ येतात. मग खोक्यावर १०८ का? तर '४३ इंची' हे त्या टीव्हीच्या वर्गाचं नाव आहे. त्या वर्गातल्या बऱ्याच टीव्हींचा दिसणारा पडदा तिरका मोजला तर साडेबेचाळीस इंच भरतो, आणि साडेबेचाळीस इंच म्हणजे १०८ सेंमी. ३२ इंचीच्या खोक्यावर ८१ ऐवजी ८० लिहिलेलं दिसतं, ५५ इंचीवर १३८ किंवा १३९ दिसतं, तेही याचमुळे. आपल्या देशात पॅकबंद मालावर माप मेट्रिकमध्ये द्यावं लागतं. वैधमापन कायदा २००९ चा, आणि त्याखालचे पॅकबंद वस्तूंचे नियम २०११ चे. म्हणून खोक्यावर सेंटिमीटर ठळक असतात आणि इंच कंसात. गिऱ्हाईक मात्र बोलतं इंचात, मिस्तरी मोजतो फूट-इंच-सुतात, आणि खोकं बोलतं सेंमीत. घोळ तिथूनच सुरू होतो.

पण तुमच्या कामासाठी हे तिरकं माप सेंमीत बदलून काही उपयोग नाही. तुम्हाला हवी आहे रुंदी आणि उंची. तिरक्या मापावरून ती काढायची तर पडद्याचा आकार माहीत पाहिजे. आताच्या घरगुती टीव्हीत रुंदी १६ भाग आणि उंची ९ भाग असते. या हिशेबात तिरकं माप १८.३६ भागांचं येतं. गवंडी आणि सुतार ३-४-५ चा गुण्या लावून काटकोन काढतात, त्याचाच हा भाऊबंद समजा. जुन्या डबा टीव्हीत तर अगदी ३-४-५ च होतं: उंची ३, रुंदी ४, तिरकं ५. म्हणून २१ इंची जुन्या टीव्हीचा पडदा सुमारे १७ इंच रुंद आणि साडेबारा इंच उंच असायचा, आणि त्या काळातल्या शोकेसचे खाने चौकोनी, खोल दिसतात. अशा शोकेसमध्ये नवा टीव्ही बसवायचा असेल तर उंची उरते आणि रुंदी कमी पडते. तुमचा खाना लांबट आहे, म्हणजे नव्या टीव्हीसाठीच केलेला आहे, ते बरं आहे.

हिशेबासाठी मी गिऱ्हाइकाला मोबाइल काढायला लावत नाही. आपल्या सव्वा-अडीचच्या पाढ्यातच हे बसतं. टीव्हीचे इंच घ्या. सव्वादोनने गुणलं की टीव्हीची बाहेरून बाहेरून रुंदी सेंमीत मिळते. सव्वाने गुणून त्यात ३ मिळवले की पायांशिवाय उंची सेंमीत मिळते. तुमचं उदाहरण: ४३ दुणे ८६, ४३ ची चौथाई पावणेअकरा, बेरीज ९६.७५. ही झाली रुंदी. उंचीसाठी ४३ मध्ये तीच चौथाई मिळवा, ५३.७५ होतात. वर ३, म्हणजे ५६.७५. चौथाई एकदाच काढायची आणि दोन्हीकडे वापरायची.

हे कसं जुळतं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मिस्तरीने अंदाज ठोकला. नुसत्या पडद्याची रुंदी नेमकी काढायची तर इंचाला २.२१४ ने गुणावं लागतं. सव्वादोन त्याहून थोडं जास्त आहे, आणि ते जास्तीचं माप बहुतेक वेळा दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्टीत खपतं. उंचीसाठी नेमका गुणक १.२४५ आहे, म्हणजे सव्वाच. पण टीव्हीच्या खालची पट्टी बाकी तीन बाजूंपेक्षा जाड असते, तिथे रिमोटचा डोळा आणि कंपनीचं नाव असतं, म्हणून वरचे ३ सेंमी. ३२ इंचीला हा हिशेब ७२ बाय ४३ देतो, ५५ इंचीला १२३.७५ बाय ७१.७५. बाजारातल्या टीव्हींपासून हे एक-दोन सेंमीच्या आत राहतं. मात्र हे १६ बाय ९ च्या पडद्यालाच लागू आहे. कॉम्प्युटरचे जादा लांबट मॉनिटर यात धरू नका.

काही लोक याहून हुशारी करतात. खान्याचंही तिरकं माप घेतात आणि तिरक्याला तिरकं लावून बघतात. तुमच्या खान्याचं तिरकं माप येईल साधारण ११८.५ सेंमी. ४६ इंच म्हणजे ११६.८ सेंमी. तिरकं माप कमी आहे, म्हणजे ४६ इंची पडदा आत जायला हवा, नाही का? पण त्या पडद्याचीच रुंदी १०१.८ सेंमी भरते आणि तुमचा खाना १०१.६ चा आहे. काच आत जाईना, तर चौकटीचं काय बोलणार! खान्याचा आकार १६ बाय ९ नाही, म्हणून ही तुलना फसते. रुंदीला रुंदी, उंचीला उंची, एवढंच लावून बघा.

अंदाज बसला की मग खरा आकडा घ्या. टीव्ही कोणता घ्यायचा ते ठरलं असेल तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या तक्त्यात मापं मिलिमीटरमध्ये दिलेली असतात. तिथे सहसा तीन ओळी सापडतात: स्टँडसकट, स्टँडशिवाय आणि खोक्याचं माप. घाईत लोक तिसरीच ओळ वाचतात, आणि टीव्ही बसत नाही म्हणून घाबरतात. खोकं टीव्हीपेक्षा रुंदीला दहा-बारा सेंमी मोठं असतं, त्यात थर्मोकोल असतो. तुम्ही स्टँडशिवायची ओळ बघा. समजा तिथे ९६४ बाय ५६० लिहिलंय. दहाने भागा: ९६.४ सेंमी बाय ५६ सेंमी. मिस्तरीला सांगायचं असेल तर २.५४ ने भागा: ३८ इंचाला अर्धा सूत कमी आणि २२ इंच. म्हणजे ३ फूट २ इंच बाय १ फूट १० इंच. एका इंचात आठ सूत, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरला थोडं जास्त. एवढं लक्षात असलं की मिस्तरीशी बोलताना भाषांतर करावं लागत नाही.

आता खान्याकडे येऊ. टीव्हीचं माप छापलेलं असतं, तिथे चूक क्वचित होते. चूक खान्याच्या मापात होते, आणि बहुतेक वेळा तीनच ठिकाणी होते.

पहिली जागा: '३ फूट ४ इंच' कुठून कुठे? काही मिस्तरी माप बाहेरून बाहेरून बोलतात, म्हणजे दोन्ही उभ्या फळ्यांची जाडी धरून. १८ मिमीची प्लाय असेल तर दोन फळ्यांचे ३.६ सेंमी गेले. मग तुमचा १०१.६ चा खाना आतून ९८ चा उरतो, आणि ९६.४ चा टीव्ही त्यात दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर सोडून बसतो. एवढ्या फटीत बोटंसुद्धा जात नाहीत. तुम्ही स्वतः मोजून १०१-१०२ सेंमी भरलं असं लिहिलंय, त्यावरून माप आतलंच दिसतंय. तरी एकदा खात्री करा. खाना कोऱ्या प्लायवर मोजलेला असेल आणि सनमायका नंतर लागला असेल, तर दोन्हीकडून मिळून दोन-तीन मिमी जातात. पुढच्या कडेला सागाची पट्टी मारली असेल आणि ती आत डोकावत असेल तर अजून जातात. टीव्ही आत जातो तो त्या पट्टीच्या तोंडातून, म्हणून मापही तिथलंच घ्यायचं.

दुसरी जागा टेपची आहे. खान्याच्या आतलं माप घेताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजे वाचलं की हमखास पाच-सात मिमीचा फरक पडतो. नीट पद्धत अशी की टेपच्या टोकाचा हूक एका फळीला टेकवायचा, टेपची डबी दुसऱ्या फळीला पाठीने टेकवायची, आणि पट्टीवर जिथे डबीचं तोंड येतं तिथला आकडा वाचून त्यात डबीची लांबी मिळवायची. बऱ्याच डब्यांवर ती लांबी मिमीत छापलेली असते, नसेल तर फूटपट्टीने मोजून घ्या. आणि टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो, तो सैल झालाय म्हणून हातोडीने ठोकून पक्का करू नका. तो मुद्दाम तसा केलेला असतो. बाहेरून ओढून मोजलं की तो स्वतःच्या जाडीइतका पुढे सरकतो आणि आतून टेकवून मोजलं की तेवढाच मागे जातो, म्हणून दोन्ही मापं खरी येतात. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, उंची डाव्या आणि उजव्या बाजूला घ्या, आणि जे सगळ्यात कमी येईल तेच धरा. खाना गुण्यात आहे का हे बघायला दोन्ही तिरकी मापं घ्या. दोन्ही सारखी किंवा दोन-तीन मिमीच्या फरकात असली तर खाना सरळ आहे. सेंटिमीटरभर फरक असेल तर खाना एका बाजूला कलला आहे, आणि सरळ टांगलेला टीव्ही कललेल्या फळीशेजारी किती वाकडा दिसतो ते रोज सोफ्यावर बसून बघावं लागेल.

तिसरी जागा सगळ्यात गमतीची आहे, आणि ती कागदावर घडते. मिस्तरी चिठ्ठीवर ३ फूट ४ इंच हे '३.४' असं लिहितो. घरातलं कोणीतरी मोबाइलवर ३.४ फूट टाकतं आणि उत्तर येतं १०३.६ सेंमी. खरं माप १०१.६. दोन सेंमी फुकटचे मिळाले! उलटंही होतं. भुसावळचं एक गिऱ्हाईक '३.१०' लिहिलेली चिठ्ठी घेऊन दुकानात गेलं. मोबाइलने ३.१ फूट धरून साडेचौऱ्याण्णव सेंमी सांगितले, आणि ते ५० इंची सोडून ४० इंची टीव्ही घेऊन आले. चिठ्ठीतलं माप होतं ३ फूट १० इंच, म्हणजे ११६.८ सेंमी. टीव्ही खान्याच्या मधोमध लावला तर दोन्हीकडे तेरा-चौदा सेंमीची मोकळी जागा दिसत होती. फूट-इंचाला दशांश चिन्ह चालत नाही. आधी सगळं इंचात करा, ३ फूट ४ म्हणजे ४० इंच, आणि मगच २.५४ ने गुणा.

आता तुमचा हिशेब पुरा करू. खाना आतून १०१.६ बाय ६१ धरतो, टीव्ही ९६.४ बाय ५६. रुंदीत ५.२ उरले, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंमी. उंचीत ५ उरले. टीव्ही पायांवर ठेवायचा तर पाय लावल्यावर उंची पाच-सहा सेंमीने वाढते आणि ६१-६२ च्या आसपास जाते. काही मॉडेल कसंबसं घुसेल, काही घुसणारच नाही, आणि घुसलं तरी वर बोटभरही जागा नसेल. म्हणून पायांचा विचार सोडा, वॉलमाउंटवर लावा.

वॉलमाउंटलाही एक बारीक अट आहे, ती दुकानात कोणी सांगत नाही. साध्या वॉलमाउंटमध्ये भिंतीवर एक आडवी पट्टी असते आणि टीव्हीच्या पाठीला दोन उभ्या पट्ट्या. उभ्या पट्ट्यांचे हूक आडव्या पट्टीवर वरून अडकवावे लागतात. म्हणजे टीव्ही आधी त्याच्या शेवटच्या जागेपेक्षा दोन-अडीच सेंमी वर उचलायचा आणि मग खाली बसवायचा. खान्यात वर तेवढी जागा नसेल तर टीव्ही मापात बसत असूनही टांगता येत नाही. तुमच्याकडे उंचीत ५ सेंमी उरतात. ते वर-खाली सारखे न वाटता खाली दीड आणि वर साडेतीन असे ठेवा. बघताना फरक जाणवत नाही आणि बसवणाऱ्याचे हात मोकळे राहतात. कधी सर्व्हिससाठी टीव्ही उतरवायचा झाला तर हीच वरची जागा परत लागते.

एवढ्यावर दुकानदाराचं 'बसेल' खरं ठरतं. माझं 'आरामात नाही' कशावरून ते आता सांगतो.

टीव्हीबरोबर येणारी पुस्तिका उघडा. बऱ्याच कंपन्या चारही बाजूंना साधारण १० सेंमी मोकळी जागा सोडा म्हणतात, आणि टीव्ही वापरण्याची तापमानाची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ४० अंश दिलेली असते. पुण्या-नाशिककडे हे वाचून कोणी फारसा विचार करत नाही. आपल्या खान्देशात मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात, आणि वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या हॉलमध्ये रात्री नऊलाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. त्यात तीन बाजूंनी फळ्या, मागे भिंत, आणि मध्ये स्वतः गरम होणारी वस्तू. टीव्हीची गरम हवा पाठीमागच्या जाळीतून निघून वर जाते. वर फळी असली की ती तिथेच कोंडते. टीव्ही त्याच दिवशी बंद पडतो असं नाही, पण मागचे दिवे आणि पॉवर सप्लायचं कार्ड यांचं आयुष्य उष्णतेनेच कमी होतं. कोंडतंय का हे ओळखायचं सोपं आहे. टीव्ही दोन तास चालू ठेवा आणि वरच्या फळीला खालून हात लावा. फळी नुसती कोमट असेल तर चालेल. हात पटकन मागे घ्यावा इतकी गरम असेल तर हवा कोंडतेय.

पुस्तिकेप्रमाणे डाव्या-उजव्या बाजूंना १० सेंमी सोडायचे तर तुमच्या खान्यात काय बसेल? १०१.६ मधून २० वजा, उरले ८१.६, भागिले सव्वादोन, ३६ च्या थोडं वर. त्या मापाचा टीव्ही सहसा मिळत नाही, म्हणजे ३२ इंची आला. ४० इंची घेतला तर दोन्हीकडे सहा-सहा सेंमी राहतात, ते मी चालवून घेईन. ४३ इंचीला अडीच-अडीच राहतात. आतल्या आत कोंडून ठेवायचा असेल तर ते मी चालवून घेणार नाही.

पण आत कोंडायलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय? मी अशा जागी टीव्ही पुढे आणतो. साध्या वॉलमाउंटमध्ये टीव्ही आणि भिंत यांत अडीच-तीन सेंमी असतात, टीव्हीची जाडी सात-आठ सेंमी, म्हणजे पुढची काच भिंतीपासून दहा-अकरा सेंमीवर येते. खाना एक फूट खोल असेल तर टीव्ही जवळजवळ वीस सेंमी आत, बिळात बसल्यासारखा. त्याऐवजी भिंतीला १८ मिमी प्लायच्या फळ्यांची एक चौकट किंवा पेटीसारखा ठोकळा मारायचा आणि त्यावर वॉलमाउंट लावायचं. ठोकळ्याची जाडी अशी धरायची की टीव्हीची पाठ खान्याच्या पुढच्या कडेच्या जवळ येईल आणि काच युनिटच्या थोडी बाहेर राहील. मग मागे मोठी पोकळी राहते, गरम हवा वरच्या फळीच्या पुढून बाहेर निघते, बाजूचे अडीच सेंमी पुरतात, वायरीही मागे मोकळ्या राहतात. एक फूट खोल खान्यात हा ठोकळा बावीस ते पंचवीस सेंमी जाडीचा होतो. ४३ इंची टीव्हीचं वजन सात-आठ किलोच असतं, पण भिंतीपासून लांब गेल्यामुळे ओढ वाढते, म्हणून ठोकळा भिंतीत घट्ट पाहिजे. आर्म असलेलं पुढे ओढायचं वॉलमाउंटही चालतं. फक्त तुमच्या खान्यात ते टीव्ही पूर्ण बाहेर ओढल्याशिवाय बाजूला वळणार नाही, कडा फळीला घासेल.

ठोकळा कशाला मारताय तेही बघा. पुष्कळ युनिटांना मागे ६ मिमीची किंवा त्याहून पातळ प्लाय नुसती झाकण म्हणून मारलेली असते. टिचकी मारली की पोकळ वाजते. तिला स्क्रू मारून टीव्ही टांगायचा नाही. त्या प्लायमधून मागच्या विटांच्या भिंतीपर्यंत भोक पाडून, प्लग टाकून लांब स्क्रू मारायचे. प्लाय आणि भिंत यांत पोकळी असेल तर तिथे लाकडाचा तुकडा भरायचा, नाहीतर स्क्रू आवळताना प्लाय आत दबते. जुन्या मातीच्या भिंतीत प्लग धरत नाहीत. तुमच्याकडे घर धाब्याचं आणि भिंत मातीची असेल तर वजन युनिटच्या उभ्या फळ्यांवर आडवी पट्टी टाकून घ्यावं लागेल, ते काम वेगळं.

प्लग पॉइंटचंही बघून ठेवा. बोर्ड टीव्हीच्या बरोबर मागे असेल तर त्यात घातलेली पिन चार-पाच सेंमी बाहेर येते, आणि साध्या वॉलमाउंटमागे तीनच सेंमी असतात. टीव्ही भिंतीला चिकटत नाही आणि लोक वॉलमाउंटला दोष देतात. ठोकळा मारून पुढे आणलात तर हा प्रश्न उरत नाही.

खर्च टाळायचा असेल तर एक साधा उपाय आहे. खान्याच्या वरची आडवी फळी निघण्यासारखी असेल तर मिस्तरीकडून काढून घ्या. वर मोकळं झालं की उंचीची अडचण जाते आणि गरम हवाही निघून जाते. रुंदीची बाजू तशीच राहील, पण वरून मोकळं असताना बाजूचे अडीच सेंमी मला खपतात. फळी काढल्यावर युनिट डुगडुगतं का ते मात्र बघा, काही युनिटांत तीच फळी दोन्ही बाजू धरून ठेवते.

थोडक्यात तुमच्यापुरतं: ४३ इंची घ्या, पाय खोक्यातच राहू द्या, टीव्ही ठोकळ्यावर पुढे आणा किंवा वरची फळी काढा. दोन्ही करायचं नसेल तर ४० इंची घ्या. घ्यायच्या आधी त्या मॉडेलचं स्टँडशिवायचं माप तेवढं बघा. ९८ सेंमीच्या वर रुंदी किंवा ५८ च्या वर उंची असेल तर ते मॉडेल सोडा.

खान्याची खोली किती आणि मागची प्लाय वाजवल्यावर कशी वाजते, हे इथेच लिहा. ठोकळा किती जाडीचा लागेल ते मग नेमकं सांगता येईल.